प्राइमवर ‘कांतारा’ आला, पण हिंदी कुठंय? थिएटर ते ओटीटी नक्की किती दिवस?

सूरज_सातारा · १ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.१०

काल रात्री फजिती झाली. ‘कांतारा चॅप्टर १’ प्राइमवर आला म्हणून आई-अप्पांना समोर बसवलं, शेजारच्या काकूही आल्या, चिवडा-चहा झाला. लावतो तर कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम. हिंदी नाहीच! आईला सबटायटल वाचणं जमत नाही, काकू चष्मा विसरलेल्या. अर्ध्या तासात सगळे उठले आणि वर “तुला नीट बघता येत नाही का आधी?” हे ऐकावं लागलं.

आईच्या गुडघ्यांमुळे थिएटरला जाणं दोन वर्षांपासून बंद आहे, त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक सिनेमाची वाट ओटीटीवरच बघितली जाते. बातम्यांवर तर विश्वास उरलेला नाही. एकाच सिनेमाच्या तीन तारखा तीन ठिकाणी वाचल्यात, तिन्ही ‘कन्फर्म’.

प्रश्न दोन. थिएटरला लागल्यापासून किती दिवसांनी सिनेमा घरी येतो याला काही नियम आहे का? आणि हे लक्षात कसं ठेवायचं? तुम्ही कोणी वही, कॅलेंडर, काही ठेवता का?

अक्कलकोटकर · १ नोव्हेंबर, ९.४२

आम्ही काल बघितला, कन्नडमध्येच. आमच्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना येतं. तुमच्या आईंना आमच्याकडे पाठवा, मी शेजारी बसून भाषांतर करतो. :)

चिन्मय_पुणे · १ नोव्हेंबर, १०.०५

नियम आहे. आठ आठवड्यांचा कायदाच आहे हिंदीला. त्याआधी ओटीटीला देता येत नाही. आणि पिक्चर पडला की लवकर येतो, चालला की उशिरा. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मॅटिनी_३चा_शो · १ नोव्हेंबर, ११.३०

चिन्मय, आठ आठवडे बरोबर, कायदा चूक.

मी एका वितरकाच्या ऑफिसात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे याबद्दल सरकारी कायदा नाही. मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्या निर्मात्याला सांगतात, हिंदी सिनेमा आमच्या पडद्यावर हवा असेल तर आठ आठवडे ओटीटीवर टाकायचा नाही. निर्मात्याला ते मान्य नसेल तर तो मोकळा आहे, फक्त त्या साखळ्यांमध्ये त्याला पडदे मिळत नाहीत. कोविडनंतर थिएटरं उघडली तेव्हा ही मुदत चार आठवड्यांवर आली होती. ‘सूर्यवंशी’ ५ नोव्हेंबर २०२१ ला लागला आणि ३ डिसेंबरला नेटफ्लिक्सवर आला, बरोबर २८ दिवस. पुढे मल्टिप्लेक्सवाल्यांनी १ ऑगस्ट २०२२ पासून परत आठ आठवडे केले. त्यामुळे जुने आकडे घेऊन सरासरी काढू नका, त्या तारखेच्या आधीचा माल वेगळ्या गोणीतला आहे.

आता सूरजच्या चिवड्याकडे येतो. दक्षिणेकडच्या भाषांमध्ये हीच मुदत साधारण चार आठवड्यांची चालते. पण त्याच सिनेमाची हिंदी आवृत्ती उत्तरेतल्या मोठ्या साखळ्यांमध्ये लावायची असेल तर हिंदीला आठ आठवडे पाळावे लागतात. म्हणजे एकाच सिनेमाला दोन घड्याळं. ‘कांतारा चॅप्टर १’ लागला २ ऑक्टोबरला. दक्षिणेच्या भाषा ३१ ऑक्टोबरला आल्या, २९ व्या दिवशी. हिंदीचं घड्याळ अजून चालू आहे.

२ ऑक्टोबर अधिक ५६ दिवस म्हणजे २७ नोव्हेंबर. वार गुरुवार. मी त्या दिवसावर पैज लावतो. कटिंग चहाची.

सूरज_सातारा · १ नोव्हेंबर, ११.५२

बापरे, एवढं नेमकं? मी बोटांवर मोजलं तर ५७ आले.

मॅटिनी_३चा_शो · १ नोव्हेंबर, १२.०४

तुम्ही लागल्याचा दिवस ‘एक’ धरलात. तो शून्य धरायचा. सोपी खूण सांगतो: ५६ म्हणजे आठ वेळा सात, म्हणून सिनेमा ज्या वारी थिएटरला लागला त्याच वारी घरी येतो. ‘पठाण’ बुधवारी लागला होता, २५ जानेवारी २०२३ ला. प्राइमवर आला २२ मार्चला, बुधवारीच. तुमच्या गणितात वार बदलला तर गणित चुकलं समजा.

आदल्या रात्री पैसे घेऊन दाखवलेले खास खेळ मोजायचे नाहीत. ‘स्त्री २’ चे १४ ऑगस्टच्या रात्री खेळ झाले, पण तारीख धरायची ती १५ ऑगस्टची.

शेवंती · १ नोव्हेंबर, दुपारी २.१५

अगदी जिव्हाळ्याचा विषय! निवृत्तीनंतर मी यासाठी गूगल शीट ठेवते. (बँकेत तीस वर्षं व्हाउचर तपासली, तारखा जुळल्या नाहीत तर झोप लागत नाही.)

‘ए’ मध्ये नाव, ‘बी’ मध्ये थिएटरची तारीख, ‘सी’ मध्ये प्रत्यक्ष आल्याची तारीख. ‘डी’ मध्ये फरक आणि ‘ई’ मध्ये अंदाज. ‘ई’ सिनेमा लागला त्याच दिवशी भरते, ‘सी’ आल्यावरच. बातमी वाचून ‘सी’ कधीही भरत नाही.

```
D2:  =IF(C2="","",C2-B2)
E2:  =B2+56
G1:  =MEDIAN(D2:D13)
```

माझ्याकडचे बारा हिंदी सिनेमे घेतले तर मधला आकडा ५६ येतो, आणि नुसता मधला नाही, बहुतेक ओळींत ५६च आहे. ‘जवान’ ७ सप्टेंबर ते २ नोव्हेंबर. ‘अ‍ॅनिमल’ १ डिसेंबर ते २६ जानेवारी. ‘छावा’ १४ फेब्रुवारी ते ११ एप्रिल. ‘सैयारा’ १८ जुलै ते १२ सप्टेंबर. सगळे ५६. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मी सूत्र चुकून खाली ओढलंय.

मधला आकडा घ्यायचा, सरासरी नाही, हे मात्र सांगते. ‘जरा हटके जरा बचके’ २ जून २०२३ ला लागला आणि जिओसिनेमावर १७ मे २०२४ ला आला, ३५० दिवस! असा एक पाहुणा आला की सरासरी एकदम ऐंशीच्या घरात जाते आणि तुम्ही प्रत्येक सिनेमाची साडेतीन आठवडे जास्त वाट बघत बसता.

चिन्मय_पुणे · १ नोव्हेंबर, ३.००

ठीक, कायदा नाही. पण पडलेला पिक्चर लवकर येतो यावर मी ठाम आहे. ‘ठग लाइफ’ आठवा. ५ जूनला लागला, ३ जुलैला नेटफ्लिक्सवर. २८ दिवस. आधी गाजावाजा होता की आठ आठवडे पाळणार.

शेवंती · १ नोव्हेंबर, ३.२०

मग ‘वॉर २’ चं काय? अपेक्षेएवढा चालला नाही, तरी १४ ऑगस्ट ते ९ ऑक्टोबर. ५६.

मॅटिनी_३चा_शो · १ नोव्हेंबर, ५.४५

दोघांचंही निम्मं बरोबर आहे. ‘वॉर २’ आणि ‘कुली’ एकाच दिवशी लागले. ‘कुली’ तमिळ आणि इतर दक्षिणी भाषांत ११ सप्टेंबरला प्राइमवर आला, २८ दिवसांत. हिंदी ‘कुली’ मात्र ९ ऑक्टोबरला, ‘वॉर २’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी. धंदा वेगवेगळा, निर्माते वेगळे, ओटीटी वेगळं, हिंदीची तारीख एक. म्हणजे तारीख ठरते ती मुख्यतः भाषेवर आणि आधी झालेल्या कराराने, गल्ल्यावर नाही. ओटीटीचा सौदा बहुतेक वेळा सिनेमा लागण्याआधीच झालेला असतो. थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी आभाराच्या पाट्या येतात ना, त्यात बऱ्याचदा ओटीटीचं नावही असतं. तेव्हा पॉपकॉर्नमध्ये डोकं घालून बसू नका.

‘ठग लाइफ’ चा प्रकार म्हणजे ठरलेलं नंतर मोडलं गेलं. असं होतं, पण रोज नाही. मोडायला गेलं की काय होतं ते या मे महिन्यात दिसलं. ‘भूल चूक माफ’ ९ मेला लागायचा होता. आदल्या दिवशी निर्मात्यांनी थिएटर रद्द करून १६ मेला थेट प्राइमवर जाहीर केला. मल्टिप्लेक्स साखळी मुंबई उच्च न्यायालयात गेली, ओटीटीला स्थगिती मिळाली. शेवटी तडजोड झाली: २३ मेला थिएटर, ६ जूनला प्राइम. चौदा दिवस. कायदा असता तर तडजोडीला जागाच नव्हती, करार होता म्हणून दोघं टेबलावर बसले.

चिन्मय_पुणे · १ नोव्हेंबर, ६.०१

मान्य. पण ‘पडला की लवकर’ मी पूर्ण सोडत नाही. :)

न्यूजर्सी_वहिनी · २ नोव्हेंबर, पहाटे ४.३०

माझा प्रश्न वेगळा आहे, चालेल ना? मुलीला ‘विकेड’ चा दुसरा भाग बघायचाय, इथे २१ नोव्हेंबरला लागतोय. त्यालाही ५६ धरू का? थिएटरला चौघांचं तिकीट म्हणजे आठवड्याची भाजी.

मॅटिनी_३चा_शो · २ नोव्हेंबर, ९.१५

वहिनी, ५६ धरू नका. तो आपल्या मल्टिप्लेक्सचा आकडा आहे, तिकडे त्याचं काही चालत नाही. अमेरिकेत प्रत्येक स्टुडिओचं वेगळं. युनिव्हर्सलने २०२० मध्ये तिथल्या थिएटर साखळ्यांशी करार केले, त्यात सिनेमा अगदी १७ दिवसांनीही भाड्याने देता येतो. पहिल्या शनिवार-रविवारी पाच कोटी डॉलरच्या वर गेला तर निदान ३१ दिवस थांबायचं.

पहिल्या ‘विकेड’ चं बघा: थिएटर २२ नोव्हेंबर २०२४, घरबसल्या विकत-भाड्याने ३१ डिसेंबर, पीकॉक या तिथल्या ओटीटीच्या वर्गणीत २१ मार्च २०२५. म्हणजे भाड्याला ३९ दिवस आणि वर्गणीला ११९. तिकडे या दोन पायऱ्यांमध्ये मोठं अंतर असतं हे लक्षात ठेवा. दुसरा भागही त्याच सुमाराला लागतोय, म्हणून नाताळच्या सुट्टीच्या शेवटी भाड्याने मिळण्याची आशा धरा. वर्गणीवर हवा असेल तर गुढीपाडवा.

न्यूजर्सी_वहिनी · २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

गुढीपाडवा! मुलीला सांगितलं, तिने दार आपटलं. भाड्यानेच घेऊ.

हर्षद_डोंबिवली · २ नोव्हेंबर, रात्री ८.४०

भाड्याचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं. गेल्या वर्षी ‘स्त्री २’ ३४९ रुपये भरून घेतला. शनिवारी रात्री सुरू केला, वीस मिनिटांत मुलं झोपली. रविवारी पाहुणे. सोमवारी ऑफिस. सोमवारी रात्री लावतो तर “पुन्हा भाड्याने घ्या”. भाड्याच्या पानावर लिहिलेलं होतं म्हणे, घेतल्यापासून तीस दिवसांत सुरू करा आणि सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवा. मी फक्त ‘तीस दिवस’ वाचलं. वर दोन आठवड्यांत तोच सिनेमा वर्गणीत आला. बायको अजून बोलते.

भाड्याने कधी येणार आणि नंतर फुकट कधी येणार, हेही आधी कळतं का? मी त्यासाठीच हा धागा वाचायला घेतला.

शेवंती · २ नोव्हेंबर, ९.०५

माझ्या शीटला ‘भाडे’ असा रकाना याच वर्षी जोडला, आणि त्यात एक आकडा पुन्हा पुन्हा दिसतो: ४२. ‘स्त्री २’ १५ ऑगस्टला लागला, २६ सप्टेंबरला भाड्याने आला. ‘हाउसफुल ५’ ६ जूनला लागला, १८ जुलैला भाड्याने, १ ऑगस्टला वर्गणीत. ‘सितारे जमीन पर’ २० जूनला लागला आणि १ ऑगस्टला यूट्यूबवर शंभर रुपयांत. तिन्हीकडे ४२, म्हणजे सहा आठवडे.

मग हर्षद, तुमचा हिशोब असा: ज्या सिनेमाला दोन्ही पायऱ्या आहेत तिथे ३४९ रुपये म्हणजे चौदा दिवस आधी बघण्याची किंमत. दिवसाला पंचवीस रुपये पडतात. पाहुणे येणार असतील तर चौदा दिवस थांबा.

मॅटिनी_३चा_शो · २ नोव्हेंबर, ९.४०

छान पकडलंत. फक्त दोन गोष्टी. ‘सितारे जमीन पर’ ला दुसरी पायरी नव्हती, तो जाणूनबुजून वर्गणीबाहेर ठेवला होता. म्हणून भाड्याने आला की चौदा दिवसांनी फुकट येणारच असं धरू नका. आणि भाड्याची पायरी सगळ्यांना नसते. नेटफ्लिक्स मुळात भाड्याने देतच नाही, त्यामुळे त्यांच्याकडे जाणारा सिनेमा बहुतेक थेट ५६ ला उगवतो. भाड्याची पायरी मुख्यतः प्राइमवर दिसते. सिनेमा कोणाकडे विकलाय हे कळलं की ४२ कडे बघायचं की नाही तेही कळतं.

नितीन_फलटण · ३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

शेवंतीताई, तुमचं शीट केलं. ‘जवान’ ला उणे १४८ दिवस दाखवतंय. म्हणजे थिएटरच्या आधीच ओटीटीला आला? आणि ‘पुष्पा २’ ला तर आकडाच नाही, `#VALUE!` असं काहीतरी.

शेवंती · ३ नोव्हेंबर, ८.३०

हसू आलं, माफ करा. हे माझंही झालं होतं. तुमचं शीट अमेरिकन पद्धतीने तारखा वाचतंय, आधी महिना मग दिवस. तुम्ही ७/९/२०२३ लिहिलंत, त्याने ९ जुलै वाचलं. २/११/२०२३ ला ११ फेब्रुवारी. म्हणून उणे. ‘पुष्पा २’ मध्ये ५/१२ ला त्याने १२ मे केलं, आणि ३०/१ ला तिसावा महिना सापडेना म्हणून ते नुसतं अक्षर समजलं. अक्षरातून तारीख कशी वजा होणार?

`File > Settings > Locale` मध्ये India निवडा आणि तारखा पुन्हा टाका, जुन्या आपोआप सुधारत नाहीत. चूक ओळखायची खूण: नीट वाचलेली तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, अक्षर डावीकडे राहतं. पण ‘जवान’ सारखी उलटी वाचलेली तारीखही उजवीकडेच बसते, म्हणून शेजारी वार काढा: `=TEXT(B2,"dddd")`. ‘जवान’ ला गुरुवार यायला हवा. तुमच्याकडे रविवार येत असेल.

नितीन_फलटण · ३ नोव्हेंबर, ९.१२

रविवारच होता! आता ५६. ‘पुष्पा २’ पण ५६. दंडवत.

अक्कलकोटकर · ३ नोव्हेंबर, ९.३०

एवढी मेहनत करून शेवटी ५६च यायचं असेल तर शीट कशाला? ५६ भिंतीवर लिहून ठेवा.

शेवंती · ३ नोव्हेंबर, ९.३८

भिंतीवर लिहिलेलं चुकलं हे कळत नाही. शीटमध्ये कळतं.

मालवणी_मेवा · ४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

तुम्ही सगळे हिंदीत अडकलात. मराठीचं काय? ‘दशावतार’ १२ सप्टेंबरला लागला. ५६ धरले तर येत्या शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला झी५ वर यायला हवा. गावाला आज्यो वाट बघतोय, त्याला फोन करून सांगू का?

मॅटिनी_३चा_शो · ४ नोव्हेंबर, १०.५५

आज्याला इतक्यात सांगू नका. मराठीत मला एक आकडा कधीच दिसलेला नाही. ‘धर्मवीर २’ २७ सप्टेंबर २०२४ ला लागला, २५ ऑक्टोबरला झी५ वर, २८ दिवस. ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला लागला, हॉटस्टारवर २८ एप्रिलला, ११९ दिवस. दोन्ही चाललेले सिनेमे, आणि अंतर चौपट.

माझ्या मते कारण असं की मराठी सिनेमाला मोठ्या साखळ्यांचा आठ आठवड्यांचा आग्रह त्याच जोराने लागू होत नाही, आणि सौदाही लागण्याआधी झालेला असतोच असं नाही. स्टुडिओ आणि ओटीटी एकाच घरातले असतील तर ते आपल्या सोयीने लवकर आणू शकतात. बाहेर विकायचा असेल तर थिएटरची कमाई दाखवून भाव मागायचा, त्यात महिने जातात. म्हणून मराठीत अंदाज न करता फक्त घोषणेची वाट बघावी असं मला वाटतं.

शेवंती · ४ नोव्हेंबर, ११.१०

इथे मी असहमत. एक आकडा नसेल, पण वार टिकतो. ‘धर्मवीर २’ शुक्रवार ते शुक्रवार, ‘वेड’ शुक्रवार ते शुक्रवार. म्हणजे रोज उठून शोधायची गरज नाही, आठवड्यातून एकदा बघायचं.

मालवणी_मेवा · ८ नोव्हेंबर, सकाळी ८.००

७ तारीख गेली, ‘दशावतार’ नाही. फोन केला नव्हता, वाचलो.

सूरज_सातारा · ८ नोव्हेंबर, ९.२५

तारखा लक्षात ठेवायचं तुमचं पटलं, पण ‘आला’ हे कसं कळतं तुम्हाला? कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे ते दाखवणारं जस्टवॉच टाकलंय, त्यात ‘कांतारा’ आधीच “उपलब्ध” दाखवतंय, म्हणून मला कधीच सूचना येणार नाही असं दिसतंय.

मॅटिनी_३चा_शो · ८ नोव्हेंबर, १०.१०

हो, इथेच ते फसतं. सिनेमा त्या ओटीटीवर आहे की नाही हे त्याला चांगलं कळतं, देश भारत ठेवला की भाडं आणि वर्गणीही वेगळी दाखवतं. भाषेच्या दोन घड्याळांचं त्याला सोयरसुतक नाही. एकदा कन्नड आला की त्याच्या लेखी विषय संपला.

त्यामुळे डब सिनेमासाठी दोनच जागा बघतो. एक, ओटीटीच्या स्वतःच्या पानावर ऑडिओच्या भाषांची ओळ. दोन, त्याच नावाचं हिंदी असं वेगळं पान आलंय का. आणि हिंदी दुसऱ्याच ओटीटीवर तर नाही ना, हेही. पहिल्या ‘कांतारा’ ला तसंच झालं होतं: कन्नड प्राइमवर २४ नोव्हेंबर २०२२, हिंदी नेटफ्लिक्सवर ९ डिसेंबरला. लोक प्राइमवर हिंदी शोधत बसले. तिथे हिंदी थिएटरलाच उशिरा लागला होता, १४ ऑक्टोबरला. त्यापासून मोजा, किती येतात?

नितीन_फलटण · ८ नोव्हेंबर, १०.२६

५६!! (शीटमध्ये टाकलं.)

मॅटिनी_३चा_शो · ८ नोव्हेंबर, १०.३०

म्हणून ‘बी’ रकान्यात त्या भाषेची थिएटरची तारीख लिहायची, सिनेमाची नाही.

बातम्यांबद्दल एकच. “अमुक तारखेला येण्याची शक्यता” असं असेल तर लिहिणाऱ्याने आपल्यासारखेच ५६ मिळवलेत. ओटीटीने स्वतः पोस्टर टाकलं तरच ती तारीख. पोस्टर बरेचदा दोन-चार दिवस आधी येतं, त्यामुळे महिनाभर आधी ‘कन्फर्म’ वाचलं की पुढे सरकावं.

मालवणी_मेवा · १४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

‘दशावतार’ आला! झी५ वर, आज. १२ सप्टेंबर ते १४ नोव्हेंबर, ६३ दिवस. नऊ आठवडे. वार शुक्रवार, शेवंतीताई जिंकल्या. आज्याने सकाळीच फोन लावला, “टीव्हीवर दिसणा नाय,” त्याला अजून झी५ आणि झी मराठी यातला फरक पटवतोय.

शेवंती · १४ नोव्हेंबर, ७.५०

मराठीच्या पानावर २८, ६३, ११९. मधला ६३ येतो, पण तीन ओळींवर मी कोणाला काही सांगणार नाही. तुमच्याकडे मराठीच्या खात्रीच्या तारखा असतील तर टाका, दोन्ही तारखा हव्यात, “साधारण दिवाळीत” चालणार नाही.

चिन्मय_पुणे · १४ नोव्हेंबर, ९.००

मराठीत तरी ‘पडला की लवकर’ लागू होत असेल, पडलेल्यांच्या तारखा आणतो.

हर्षद_डोंबिवली · १४ नोव्हेंबर, ९.४५

पडलेले कधीकधी येतच नाहीत रे. एक मराठी सिनेमा मी दोन वर्षं शोधतोय. तो शीटच्या कुठल्या रकान्यात बसवायचा?

शेवंती · १४ नोव्हेंबर, १०.०२

‘सी’ रिकामा ठेवायचा. माझ्याकडे असे चार आहेत. पण मग मधला आकडा फक्त आलेल्यांचाच निघतो, न आलेले त्यात धरलेच जात नाहीत. हे मलाही खटकतं, उपाय सापडलेला नाही.

सूरज_सातारा · २७ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

उठल्या उठल्या बघितलं. हिंदी आहे. मॅटिनी, कटिंग तुमचा पक्का, साताऱ्याला आलात की पोवई नाक्यावर.

अक्कलकोटकर · २७ नोव्हेंबर, ७.३०

आईंना सांगा, कन्नडची मजा हिंदीत नाही.

सूरज_सातारा · २७ नोव्हेंबर, रात्री ११.२०

सांगितलं. आई म्हणाली, “त्या माणसाला सांग, मला अर्धा तास कन्नड बघून झालंय.” काकूंनी आज चष्मा आणला होता.

न्यूजर्सी_वहिनी · २८ नोव्हेंबर, पहाटे ३.४०

मुलगी मैत्रिणींबरोबर थिएटरलाच जाऊन आली. एकटीचंच तिकीट पडलं. आता भाड्याचे पैसे वाचले की गेले, ते शीटमध्ये कुठे लिहू?